उरलेला निम्मा

हवाई बेटांवरच्या मौना लोआ या ज्वालामुखीच्या उतारावर १९५८ च्या मार्चपासून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजला जातो. चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी मोजणी सुरू केली तेव्हा हवेच्या दर दहा लाख रेणूंत या वायूचे सुमारे ३१५ रेणू, म्हणजे ३१५ भाग, होते. २०२४ ची वार्षिक सरासरी ४२४ च्या पुढे गेली. हा आलेख सरळ चढत नाही, करवतीच्या पात्यासारखा दातेरी आहे. दरवर्षी मे महिन्यात तो टोकाला असतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत पाच-सहा भागांनी खाली येतो, कारण त्या काळात उत्तर गोलार्धातली रानं पालवून वायू ओढून घेत असतात. पानं गळली, कुजू लागली की आकडा पुन्हा वर.

दात सगळ्यांना दिसतात. पण या आलेखातली खरी गंमत त्याच्या चढण्याच्या वेगात आहे. आकडा जितका चढायला हवा, त्याच्या निम्माच चढतो.

हिशोब साधा आहे. कोळसा, तेल, वायू आणि सिमेंट मिळून माणूस वर्षाला सुमारे १० अब्ज टन कार्बन हवेत सोडतो. जंगलतोडीचा एक अब्ज टन धरला तर ११. (वर्तमानपत्रात ४० अब्ज टन वाचलं असेल तर ते कार्बन डायऑक्साइडचं वजन. कार्बनच्या वजनाला ३.६७ ने गुणलं की ते मिळतं. या दोन मापांच्या घोळात अनेक लेख बुडालेले आहेत.) हवेतला एक भाग वाढायला २.१ अब्ज टन कार्बन लागतो. म्हणजे ११ अब्ज टनांनी दरवर्षी पाच भाग वाढायला हवेत. गेल्या दशकात सरासरी वाढ अडीचच्या आसपास आहे. उरलेला निम्मा समुद्र आणि रानं वाटून घेतात, प्रत्येकी ढोबळमानाने तीन अब्ज टन.

हे 'प्रत्येकी तीन' कळतं कसं? समुद्रातला वायू तपासता येतो, पण पृथ्वीवरचं प्रत्येक झाड कोण मोजणार? इथे ऑक्सिजन उपयोगी पडतो. इंधन जळताना कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूमागे सरासरी १.४ रेणू ऑक्सिजन खर्च होतो. झाडाने तोच वायू आत घेतला तर १.१ रेणू ऑक्सिजन परत मिळतो. समुद्राने विरघळवून घेतला तर काहीच परत मिळत नाही. म्हणून हवेतला ऑक्सिजन इंधनाच्या हिशोबाने जितका घटायला हवा त्याहून कमी घटला, की तो फरक रानांच्या खात्यावर टाकायचा. कीलिंग यांचे चिरंजीव राल्फ कीलिंग यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस ही मोजणी बसवली. हवेच्या दहा लाख रेणूंत ऑक्सिजनचे दोन लाखांहून जास्त, आणि त्यात वर्षाकाठी होणारी घट चारेक रेणूंची. ती पकडण्याचं हे काम आहे. शिवाय तापलेला समुद्र स्वतः थोडा ऑक्सिजन बाहेर टाकतो, त्याची वजाबाकी वेगळी करावी लागते. नाही केली तर रानांचा वाटा फुगलेला दिसतो.

आता समुद्राचं खातं उघडू.

गरम झालेल्या सोड्याच्या बाटलीतून वायू निघून जातो तसाच तापलेल्या समुद्रातून जाईल, असं बहुतेक ठिकाणी वाचायला मिळतं. उदाहरण अर्धंच खरं आहे. सोड्याच्या बाटलीत वायूचा दाब दुप्पट केला की विरघळलेला वायूही दुप्पट होतो. समुद्रात असं घडत नाही, कारण तिथे वायू नुसता विरघळून राहत नाही, त्याचं रूप बदलतं. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे २४ मिलिग्रॅम कार्बन असतो, आणि त्यातला जेमतेम एक टक्का वायूच्या रूपात असतो. नव्वदेक टक्के बायकार्बोनेट, बाकीचा कार्बोनेट. घरातल्या भाषेत बोलायचं तर बायकार्बोनेट म्हणजे खाण्याच्या सोड्यातला भाग आणि कार्बोनेट म्हणजे धुण्याच्या सोड्यातला. हवेतून आलेला कार्बन डायऑक्साइड पाण्याच्या साक्षीने कार्बोनेटशी जुळतो आणि दोघांचं मिळून बायकार्बोनेट होतं. वायू म्हणून तो नाहीसा झाल्यावर पाण्यात नव्या वायूला जागा होते. समुद्राची सगळी भूक या धुण्याच्या सोड्यावर चालते.

आणि तो दर रेणूमागे खर्च होतो. जितका वायू आत जाईल तितका कार्बोनेटचा साठा उतरतो आणि पुढच्या वायूला जोडीदार मिळणं अवघड होत जातं. रॉजर रेव्हेल आणि हान्स स्यूस यांनी १९५७ मध्ये हे दाखवून दिलं. रेव्हेल यांच्या नावाने ओळखला जाणारा गुणक आज सरासरी दहाच्या आसपास आहे. अर्थ असा, की हवेतला वायू १० टक्के वाढला तर पाण्यातला एकूण कार्बन फक्त एक टक्का वाढतो. उष्ण कटिबंधात गुणक नऊच्या आसपास, ध्रुवांकडच्या थंड पाण्यात तेरा-चौदा. कार्बोनेट घटतं तसा तो सगळीकडेच चढतो आहे. शिंपले आणि प्रवाळ आपली घरं याच कार्बोनेटपासून बांधतात. पाणी आम्लाकडे झुकल्याची जी ओरड होते ती याच हिशोबाची दुसरी बाजू.

हा एक टक्का किती लहान आहे ते एका चौरस मीटरवर करून पाहू. समुद्राच्या पृष्ठभागावरचा एक चौरस मीटर घ्या. त्याच्या डोक्यावर वातावरणाच्या माथ्यापर्यंत हवेचा खांब आहे, आणि त्यात सुमारे १.७ किलो कार्बन आहे. खाली वाऱ्याने घुसळून निघणारा पाण्याचा वरचा थर १०० मीटर खोल धरला तर त्यात अडीच किलो. आता हवेतला कार्बन १० टक्क्यांनी, म्हणजे १७० ग्रॅमने वाढला. खालच्या पाण्याने एक टक्का, म्हणजे २५ ग्रॅम घेतले की त्याचं पोट भरलं. वर्षभरात ही देवाणघेवाण पुरी होते. समुद्राने पृथ्वीचा ७१ टक्के भागच व्यापला आहे, हे धरलं तर हवेतल्या वाढीचा जेमतेम दहावा हिस्सा या वरच्या थरात मावतो.

प्रत्यक्षात समुद्र त्याहून कितीतरी जास्त घेतो. तो घेऊ शकतो, कारण वरचं भरलेलं पाणी खाली जातं आणि खालचं उपाशी पाणी वर येतं. ग्रीनलंडजवळ आणि अंटार्क्टिकाभोवती थंड, खारं, जड पाणी बुडतं आणि आपल्याबरोबर कार्बन खोल घेऊन जातं. माणसाने सोडलेल्या कार्बनपैकी समुद्राने जो आजवर घेतला, त्यातला सुमारे ४० टक्के एकट्या दक्षिण महासागराच्या वाटेने आत गेला. त्यामुळे समुद्र किती पितो हे त्याचं पोट किती मोठं यावर ठरत नाही, घसा किती रुंद यावर ठरतं. हजारो वर्षांच्या मुदतीत तो या कार्बनचा मोठा भाग पचवेल. आपला व्यवहार दशकांचा आहे.

तापमान वाढलं की या व्यवहारात दोन ठिकाणी खोट येते. पहिली त्या चौरस मीटरच्या खांबातच दिसते. पाणी एका अंशाने तापलं, की त्यातला कार्बन तेवढाच राहिला तरी वायूचा बाहेर ढकलणारा दाब सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. तो समतोलात यायला ०.४ टक्के कार्बन, म्हणजे १० ग्रॅम, पाण्यातून निघून जायला हवा. हवेतली १० टक्के वाढ २५ ग्रॅम आत ढकलते आणि एक अंशाची उष्णता त्यातले १० परत काढते. हवेतली वाढ अजून मोठी असल्यामुळे समुद्र एकूण घेतच राहिला आहे, आणि आजवर तापल्यामुळे हुकलेला वाटा एकूण आकड्याच्या मानाने लहान आहे. मात्र जेव्हा कधी उत्सर्जन थांबेल आणि हवेतली वाढ रोडावेल तेव्हाही ही उष्णतेची वजाबाकी चालूच राहील.

दुसरी खोट घशाची. तापलेलं पाणी हलकं होतं आणि वर साय धरल्यासारखं तरंगत राहतं. वितळलेल्या बर्फाचं गोडं पाणी मिसळलं तर आणखीच. मग त्याला खाली घुसळायला वाऱ्याला जास्त जोर लावावा लागतो. वरचा थर भरलेला, खालचा उपाशी, आणि मधली वाट अरुंद. शिवाय खालून येणारं नत्र आणि स्फुरद अडल्याने वरच्या सूक्ष्म वनस्पती कमी वाढतात, आणि त्या मरून तळाकडे झिरपणारा कार्बनही घटतो.

इथे एक गैरसमज काढायला हवा. खालचं पाणी वर येणं म्हणजे सगळीकडे शोषण वाढणं, असं नाही. आपला अरबी समुद्रच त्याला अपवाद आहे. नैऋत्य मोसमी वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यावर पृष्ठभागाचं पाणी दूर लोटतात आणि खालचं थंड पाणी उपसून वर आणतात. सौम्य प्रमाणात असंच केरळपासून गोव्यापर्यंत घडतं, आणि पावसाळ्यानंतरच्या तारली-बांगड्यांच्या रेलचेलीत त्या पाण्यातल्या खताचा मोठा हात असतो. पण या पाण्यात वरून पडून कुजलेल्या जीवांचा कार्बनही साठलेला असतो. ते वर आलं आणि तापलं की वायू हवेत सुटतो. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात 'सागर कन्या' जहाजावरून वेगवेगळ्या ऋतूंत हे मोजलं. अरबी समुद्र एकूण हिशोबात कार्बन घेणारा नाही, देणारा आहे, असं त्यातून पुढे आलं. 'समुद्र शोषतो' हे वाक्य पूर्ण गोलाच्या बेरजेपुरतं खरं आहे.

रानांचा कारभार याहून वेगळा, आणि माझ्या मते जास्त काळजी करण्यासारखा. समुद्राची घट रसायनाच्या नियमाने येते, म्हणून तिचा अंदाज बांधता येतो. रान एका उन्हाळ्यात बाजू बदलू शकतं.

झाडं वर्षाला सव्वाशे अब्ज टनांच्या आसपास कार्बन पानांतून आत घेतात. त्यातला निम्मा ती स्वतःच्या श्वसनात खर्च करतात. उरलेला पाचोळा, मुळं आणि लाकूड होऊन पडतो आणि मातीतले जीवाणू-बुरश्या तो खाऊन जवळजवळ सगळा परत सोडतात. मागे राहणारे तीन अब्ज टन म्हणजे दोन प्रचंड आकड्यांमधली फट. दोहोंपैकी एकात दोन-तीन टक्क्यांचा फरक पडला तरी ही फट मिटते.

ती फट आज आहे याचं मोठं कारण हवेत वाढलेला वायूच. पानातलं रुबिस्को नावाचं विकर कार्बन डायऑक्साइड पकडताना अनेकदा चुकून ऑक्सिजन पकडतं. वायू दाट झाला की चुका कमी होतात. शिवाय झाड पर्णरंध्रं थोडी मिटूनही पोटभर जेवतं, म्हणून पाणी वाचतं. यावरून 'कार्बन डायऑक्साइड म्हणजे झाडांचं खत' असा एक युक्तिवाद चालतो. शेतकऱ्याला त्यातली चूक लगेच दिसेल. युरियाची पोती ओतली आणि जमिनीत स्फुरदच नसेल तर पीक काय वाढणार? सिडनीच्या पश्चिमेला वाढत्या वयाच्या नव्हे, तर पूर्ण वाढलेल्या निलगिरीच्या रानात उंच नळ्यांची कडी उभारून चार वर्षं हवेत १५० भाग जादा वायू सोडून पाहिला. तिथल्या मातीत स्फुरद फार कमी आहे. झाडांनी १२ टक्के जास्त कार्बन आत घेतला, पण खोडं जाड झाली नाहीत. जादा कार्बन मुळांवाटे मातीत उतरला आणि तिथून बराचसा हवेत परत गेला. नत्र-स्फुरद भरपूर असलेल्या तरुण रानांत निकाल चांगले येतात. ॲमेझॉनच्या मोठ्या भागाची माती मात्र सिडनीसारखी स्फुरदाला मोताद आहे.

खताचा फायदा असा मर्यादित, आणि उष्णतेचा तोटा मात्र वाढता. श्वसन दर दहा अंशांना साधारण दुप्पट होतं, म्हणजे एका अंशाला सात टक्के. अन्न बनवण्याचं काम तसं वाढत नाही. उष्ण कटिबंधातली बरीच झाडं आधीच आपल्या सोयीच्या तापमानाच्या वरच्या कडेला उभी आहेत. पण सगळ्यात जास्त छळते ती हवेची तहान. तीस अंशांची हवा आणि ६० टक्के आर्द्रता घ्या. अशी हवा पूर्ण भरायला बाष्पाचा दाब ४.२४ किलोपास्कल लागतो. प्रत्यक्षात त्यात २.५५ आहे, म्हणजे तूट १.७ ची. आता हवेतलं बाष्प तेवढंच राहून ती ३३ अंशांवर गेली तर भरायला ५.०३ लागतात आणि तूट २.५ वर जाते. तीन अंशांत हवेची ओढ दीडपटीच्या जवळ वाढली, पाऊस एक थेंबही कमी न होता. पान ती ओढ सहन करण्यासाठी रंध्रं मिटतं. रंध्रं मिटली की पाणी वाचतं आणि जेवणही थांबतं. मिटली नाहीत तर खोडातल्या पाण्याच्या नळ्यांत हवेचे बुडबुडे शिरतात आणि नळी निकामी होते. उंच, जुन्या झाडांना हा धोका जास्त, आणि रानाचा बहुतेक कार्बन त्यांच्याच खोडांत असतो.

ॲमेझॉनमध्ये काय चाललंय ते दोन तऱ्हांनी मोजलं गेलं आहे. एक तऱ्हा टेप घेऊन. शेकडो ठरलेल्या तुकड्यांतल्या प्रत्येक झाडाचा घेर काही वर्षांनी मोजायचा आणि मेलेली झाडं वजा करायची. त्यातून दिसलं, की १९९० च्या दशकाच्या तुलनेत पुढच्या दशकात न तोडलेल्या रानाचं शोषणही सुमारे एक तृतीयांशाने उतरलं. वाढ मंदावली आणि मरण वाढलं. झपाट्याने वाढणारं झाड लवकर मरतं, हेही त्यामागचं एक कारण मानलं जातं.

दुसरी तऱ्हा विमानाची. ब्राझीलच्या अंतराळ संशोधन संस्थेतल्या लुसियाना गट्टी आणि सहकाऱ्यांनी २०१० ते २०१८ या काळात चार ठिकाणांवर ५९० वेळा लहान विमानं पाठवली. विमान सुमारे साडेचार किलोमीटर उंचीवरून गिरक्या घेत तीनशे मीटरपर्यंत उतरायचं आणि टप्प्याटप्प्याने काचेच्या बाटल्यांत हवा भरायचं. तिथे वारा अटलांटिकवरून रानात शिरतो. म्हणून समुद्रावरच्या हवेतला आकडा एकीकडे, रान ओलांडून आलेल्या हवेतला दुसरीकडे, आणि दोहोंतला फरक म्हणजे मधल्या रानाने घेतलं की दिलं त्याचा जबाब. वणव्याचा भाग वेगळा काढायला त्याच बाटलीतला कार्बन मोनॉक्साइड उपयोगी पडतो, कारण तो अर्धवट जळण्यातून येतो. आग्नेय ॲमेझॉनचा जबाब 'दिलं' असा आला. आग वजा केल्यावरही शोषण म्हणावं असं काही उरत नव्हतं. त्या भागात बरंच रान तोडलेलं आहे आणि ऐन कोरड्या महिन्यांचं तापमान चाळीस वर्षांत दोन अंशांहून जास्त चढलं आहे. पश्चिमेकडचं अखंड रान तेव्हाही जवळपास समतोलात होतं. एकाच ॲमेझॉनचे दोन टोकांना दोन जबाब आले, हे विसरून 'ॲमेझॉन आता कार्बन सोडतं' असं सरसकट म्हणणं चूक.

एका वर्षात हे खातं किती हलू शकतं ते २०२३-२४ च्या एल निनोने दाखवलं. प्रशांत महासागराचं विषुववृत्ताजवळचं पाणी तापलं, ॲमेझॉनमध्ये भीषण कोरड पडली, मनौसला निग्रो नदीची पातळी मोजणी सुरू झाल्यापासूनच्या नीचांकावर गेली. २०२३ ते २०२४ दरम्यान मौना लोआची वार्षिक सरासरी सुमारे साडेतीन भागांनी वाढली. उत्सर्जन त्या वर्षी एखाद्या टक्क्यानेच वाढलं होतं. अडीचचे साडेतीन झाले ते मुख्यतः रानांनी हात आखडल्यामुळे. अशा वर्षी समुद्र खरं तर थोडं जास्त घेतो, कारण एल निनोत पेरूसमोरचं कार्बनने भरलेलं पाणी वर यायचं मंदावतं. २०२३ मध्ये मात्र उत्तर अटलांटिकसह इतरत्र पाणी इतकं तापलं होतं, की समुद्राचं शोषण अपेक्षेपेक्षा सुमारे १० टक्क्यांनी कमी भरलं. एल निनो ओसरल्यावर रानं सावरतात, म्हणून एका वर्षावरून निष्कर्ष काढू नये. पाहायचं ते हे, की दर मोठ्या दुष्काळानंतर सावरणं पूर्ण होतं का. ॲमेझॉनला २००५, २०१०, २०१५-१६ आणि २०२३ असे दुष्काळ पडले. मोठं झाड परत उभं राहायला अशा दोन दुष्काळांमधलं अंतर पुरत नाही.

मग साठ वर्षं 'निम्मा' टिकला कसा? कारण उत्सर्जनही जवळपास दरवर्षी वाढत गेलं. समुद्र आणि रानं हवेतल्या जादा वायूला प्रतिसाद देतात. जादा जितकी वेगाने वाढेल, तितकं ओढणंही वाढतं, आणि गुणोत्तर जागच्या जागी दिसतं. तो कुठला नैसर्गिक कोटा नाही. हवामान बदलावरच्या आंतरशासकीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालात हे आकड्यांत आहे. उत्सर्जन झपाट्याने उतरलं तर या शतकाअखेरपर्यंतच्या एकूण कार्बनपैकी ७० टक्के समुद्र आणि जमीन घेतील. ते चढतच राहिलं तर फक्त ३८ टक्के. टनांत मोजलं तर दुसऱ्या वाटेवर ते जास्तच घेतात, पण ताटात वाढलेलं त्याहून कितीतरी जास्त असतं.

हे खातं उलट दिशेनेही चालतं, आणि हवेतून यंत्रांनी कार्बन खेचण्याच्या योजनांच्या जाहिरातीत ते सहसा छापलेलं नसतं. हवेतला आकडा उतरू लागला की समुद्राच्या वरच्या थरातला दाब हवेपेक्षा वरचढ ठरतो, आणि आजवर आत गेलेला वायू बाहेर यायला लागतो. हवेतून दहा टन काढले म्हणून हवेत दहा टन कमी होत नाहीत. समुद्र आणि माती आपल्याकडचं थोडं परत वाढतात, आणि तेही पुन्हा उपसावं लागतं.